स्क्रीनवर नफा, पासबुकात तोटा: इंट्राडेचं साधं गणित

दरवर्षी जुलै महिन्यात माझ्याकडे रिटर्न भरायला जी मंडळी येतात, त्यात गेल्या काही वर्षांत एक नवा गट वाढलाय. पंचवीस-तीस वय, अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत नोकरी, फॉर्म 16 सोबत मोबाईलमध्ये ट्रेडिंगचं अ‍ॅप. असाच एक मुलगा आला, ओळखीतल्या घरातला. म्हणाला, "काका, पगार सोडून यंदा शेअर बाजारातून अठरा हजारांचा नफा झालाय. त्यावर किती टॅक्स बसेल?"

मी त्याच्याकडून ब्रोकरचं वर्षभराचं नफा-तोटा पत्रक मागवलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सगळ्या सौद्यांची बेरीज 18,300 रुपये नफा दाखवत होती. पण त्याच पत्रकात खाली, वेगळ्या चौकटीत, 'Charges' नावाची एक ओळ होती आणि तिथे 60,900 रुपये लिहिले होते. वर्षभरात 740 सौदे झाले होते. म्हणजे पोराला बाजाराची दिशा थोडीफार कळत होती, तरी हिशेब पुरा केल्यावर तो 42,600 रुपयांनी खड्ड्यात होता.

त्याला ते पटेना. म्हणून आम्ही एका सौद्याचा हिशेब कागदावर मांडला. तोच इथे मांडतो.

आधी दोन्ही प्रकारांतला फरक. शेअर आज घेतला आणि आजच विकला, तर तो इंट्राडे. शेअर तुमच्या डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात, येतच नाही, फक्त भावातला फरक खात्यात जमा होतो किंवा कापला जातो. घेतलेला शेअर ठेवून दिला, तर ती डिलिव्हरी. दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी तो तुमच्या डिमॅटमध्ये येतो आणि तुम्ही त्या कंपनीचे भागधारक होता. अ‍ॅपमध्ये ऑर्डर टाकताना बहुतेक ठिकाणी `MIS` आणि `CNC` असे दोन पर्याय दिसतात. पहिला इंट्राडेचा, दुसरा डिलिव्हरीचा.

डिलिव्हरीत पूर्ण पैसे भरावे लागतात. इंट्राडेत सौद्याच्या किमान वीस टक्के रक्कम असली तरी चालते, म्हणजे वीस हजारांवर एक लाखाचा सौदा करता येतो. पूर्वी काही ब्रोकर दहापट, वीसपट सुद्धा देत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने मार्जिनचे, म्हणजे सौद्यासाठी आधी ठेवायच्या रकमेचे, नियम टप्प्याटप्प्याने कडक केले आणि सप्टेंबर 2021 पासून ही मर्यादा पाचपटीवर आली. ही पाचपट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता सौदा. पाचशे रुपयांचा शेअर, 200 नग, म्हणजे एक लाखाची खरेदी. त्यातले स्वतःचे वीस हजार. शेअर एक रुपयाने वाढला आणि 501 ला विकला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 200 रुपये दिसतात. मुलगा स्क्रीनशॉट काढतो, मित्रांच्या ग्रुपवर टाकतो. कापाकापी रात्री कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये, म्हणजे ब्रोकरच्या त्या दिवसाच्या बिलात, येते आणि ती पीडीएफ कुणी उघडत नाही, कारण तिला पासवर्ड असतो!

त्या पीडीएफमध्ये काय असतं? सवलतीच्या दराने काम करणारे बरेच ब्रोकर इंट्राडेला प्रत्येक ऑर्डरमागे 0.03 टक्के किंवा वीस रुपये, यातलं जे कमी ते घेतात. एक लाखावर 0.03 टक्के म्हणजे तीस, म्हणून वीस लागतात. खरेदीचे वीस, विक्रीचे वीस, झाले चाळीस. मग सरकारचा एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर. इंट्राडेत तो फक्त विक्रीवर 0.025 टक्के आहे, आपल्या सौद्यात 25 रुपये. शेअर बाजाराचं स्वतःचं शुल्क लाखाला तीन रुपयांच्या आसपास, दोन्ही बाजूंचे मिळून सहा. खरेदीवर मुद्रांक शुल्क 0.003 टक्के, म्हणजे तीन रुपये. सेबीचं शुल्क कोटीला दहा रुपये, ते इथे वीस पैसे होतं, सोडून देऊ. शेवटी ब्रोकरेज आणि बाजाराचं शुल्क यांच्यावर 18 टक्के जीएसटी, सव्वाआठ रुपये. सगळं मिळून साधारण 82 रुपये.

यातले चाळीस ब्रोकरचे, छत्तीसच्या आसपास सरकारचे, सहा बाजाराचे. नफा झाला तरी 82, तोटा झाला तरी 82.

मुलाचं पहिलं म्हणणं असं होतं, "काका, एका लाखावर 82 रुपये म्हणजे काहीच नाही. टक्क्याचा दहावा भागसुद्धा नाही." लाखावर मोजलं तर खरंच काही नाही. आणि इथेच सगळ्यांची गफलत होते. तो लाख त्याचा नव्हता. त्याचे होते वीस हजार. उलाढाल पाचपट झाली की खर्चही जवळजवळ चौपट होतो, पण तो कापला जातो स्वतःच्या वीस हजारांतून. वीस हजारांवर 82 म्हणजे 0.41 टक्के, एका सौद्याला. तो दिवसाला सरासरी तीन सौदे करत होता. महिन्यात वीस दिवस बाजार चालू धरला तर साठ सौदे, 4,920 रुपये. स्वतःच्या भांडवलाचा जवळजवळ चौथा हिस्सा, दर महिन्याला. म्हणजे महिन्याला 25 टक्के परतावा कमावला तर तो जेमतेम बरोबरीत येणार होता. वर्षाला साठ हजारांचा आकडा कुठून आला, ते त्याला इथे कळलं. त्याच्या पत्रकातला 60,900 हा आकडा कुणी लपवून कापलेला नव्हता, रोजच्या 246 रुपयांची ती बेरीज होती.

आता हा खर्च जिंकण्या-हरण्याच्या गणितात घालून पाहा, कारण खरा फटका तिथे आहे. समजा त्याची पद्धत अशी: एक रुपया वाढला की नफा घेऊन बाहेर पडायचं, एक रुपया पडला की स्टॉपलॉसवर, म्हणजे तोटा थांबवायला आधीच ठरवलेल्या भावावर, बाहेर पडायचं. दिसायला बरोबरीचा खेळ. नाणं उडवल्यासारखं पन्नास-पन्नास. पण खर्च धरला की जिंकल्यावर हातात येतात 200 वजा 82, म्हणजे 118 रुपये. आणि हरल्यावर जातात 200 अधिक 82, म्हणजे 282. एक हार भरून काढायला दोन जिंकण्यांपेक्षा जास्त लागतात. नुसतं बरोबरीत राहायचं तर शंभरातले सत्तरहून जास्त सौदे बरोबर यायला हवेत.

हे लक्ष्य वाढवलं तर गणित सुधारतं. अडीच रुपयांचा नफा आणि अडीच रुपयांचा स्टॉपलॉस ठेवला, तर शंभरात 58 सौदे बरोबर आले की बरोबरी होते. पाच-पाच रुपयांवर 54 पुरतात. म्हणजे छोट्या हालचालीवर पटकन आत-बाहेर करणारा, ज्याला बाजारात स्कॅल्पिंग म्हणतात, तो सगळ्यात महागडा खेळ खेळत असतो. आणि नवशिका नेमका तोच खेळतो, कारण पाच रुपयांची वाट बघायला धीर लागतो आणि एक रुपयाचा हिरवा आकडा दिसला की बोट आपोआप विक्रीच्या बटणाकडे जातं. तोट्यात मात्र हेच बोट थांबतं. 'येईल परत' म्हणत एक रुपयाचा स्टॉपलॉस दोनचा होतो, दोनचा चार. जिंकणं छोटं आणि हरणं मोठं, वर दोन्हीकडून 82 रुपये.

कॉन्ट्रॅक्ट नोटमध्येही न दिसणारा आणखी एक खर्च आहे. कुठल्याही क्षणी घेणारा 499.95 ला उभा असतो आणि विकणारा 500.05 ला. तुम्ही घाईत बाजारभावाने घेतलं तर 500.05 ला मिळतं, लगेच विकायला गेलात तर 499.95 मिळतात. भाव जागचा हलला नाही आणि 200 शेअरवर वीस रुपये गेले. हे वीस मिळवले की एका सौद्याचा खर्च शंभरी ओलांडतो, आणि एक रुपयाच्या खेळात बरोबरीसाठी लागणारं प्रमाण सत्तरवरून 75 टक्क्यांवर जातं. हा फरक मोठ्या, रोज भरपूर उलाढाल होणाऱ्या शेअरमध्ये कमी असतो. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये, विशेषतः कुठल्यातरी ग्रुपवर 'आज सुसाट जाणार' म्हणून टिप आलेल्या शेअरमध्ये, तो रुपया-दोन रुपयेही असू शकतो. आणि स्टॉपलॉस लागतो तेव्हा भाव वेगाने पडत असतो, म्हणून ठरवलेल्या भावापेक्षा खालीच विक्री होते.

मोठ्या भांडवलवाल्याला हे सगळं इतकं टोचत नाही, हेही सांगायला हवं. दहा लाखांच्या सौद्यालाही ब्रोकरेज तेच चाळीस रुपये. त्याचा एकूण खर्च चारशेच्या आसपास येतो, म्हणजे प्रमाण आपल्या मुलाच्या निम्मं. छोटा माणूस दुप्पट दराने खर्च भरत असतो आणि समोर त्याच भावात घेणारे-विकणारे असतात ते या कामासाठी बसलेल्या कंपन्या आणि त्यांचे संगणक. इंट्राडेत दिवसभरात कुणीतरी कमावलेला रुपया हा दुसऱ्या कुणाचा तरी गमावलेला रुपया असतो. सव्वानऊ ते साडेतीनच्या दरम्यान कंपनीने काही माल विकून नफा वाढवलेला नसतो. मग त्या जुगलबंदीतून दरवेळी 82 रुपये बाहेर जात राहिले, तर सगळ्या खेळाडूंची मिळून बेरीज उणेच येणार.

हा एका मुलाचा किस्सा म्हणून सोडून देता आला असता. पण सेबीने जुलै 2024 मध्ये इंट्राडे करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांचा अभ्यास जाहीर केला. फ्युचर्स-ऑप्शन्सचा नाही, साध्या शेअरमधल्या इंट्राडेचा. आर्थिक वर्ष 2022-23 मध्ये दहापैकी सात जणांना निव्वळ तोटा झाला होता. वर्षाला पाचशेहून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण 80 टक्के होतं. तिशीच्या आतल्या मुलांत 76 टक्के. आमचा मुलगा या दोन्ही रांगांत बसतो. त्यातला मला सगळ्यात बोलका वाटलेला आकडा वेगळाच आहे. तोट्यात गेलेल्यांनी भावातल्या तोट्याच्या वर आणखी 57 टक्के रक्कम खर्चापोटी घातली होती. म्हणजे बाजारात शंभर हरले आणि ते हरण्यासाठी वर सत्तावन्न भरले. नफ्यात राहिलेल्यांचा खर्च त्यांच्या नफ्याच्या 19 टक्के होता. आणि सरासरीने तोट्यातल्या लोकांनी नफ्यातल्यांपेक्षा जास्त सौदे केले होते.

हे शेवटचं मी रिटर्न भरताना नेहमी पाहतो. मुलाच्या पत्रकात ज्या दिवशी सकाळी पहिले दोन सौदे तोट्यात गेले, त्या दिवशी एकूण सौदे आठ-नऊ होते. ज्या दिवशी पहिलाच सौदा जिंकला, त्या दिवशी एक किंवा दोन. गेलेले वसूल करायला बसायचं आणि प्रत्येक प्रयत्नाचे 82 मोजायचे.

डिलिव्हरीकडे वळलो तर आधी एक विचित्र गोष्ट दिसते. डिलिव्हरीचे दर जास्त आहेत! एसटीटी 0.1 टक्के, तोही खरेदी आणि विक्री दोन्हीवर. मुद्रांक शुल्क इंट्राडेच्या पाचपट. म्हणून 'इंट्राडे स्वस्त पडतं' असं ब्रोकरचे लोकही सांगतात आणि दराच्या तक्त्यात ते खरंच असतं. पण तोच वीस हजारांचा माणूस घेऊ. उधारी नाही, म्हणून पाचशेचे चाळीसच शेअर येतात. काही सवलतीच्या ब्रोकरांकडे डिलिव्हरीला ब्रोकरेज नसतं. खरेदीला एसटीटी वीस रुपये, मुद्रांक तीन, बाकी किरकोळ, मिळून चोवीसच्या आसपास. समजा तीन वर्षांनी 700 च्या भावाला विकले, तर 28 रुपये एसटीटी, डिमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचं शुल्क पंधरा-सोळा रुपये, किरकोळ धरून 45. आत-बाहेर मिळून सत्तर रुपये, तीन वर्षांत एकदा. मुलाच्या एका इंट्राडे सौद्याचा, कधीकधी सात मिनिटांच्या सौद्याचा, खर्च त्यापेक्षा जास्त होता.

भाव 700 होईलच असं मी म्हणत नाही. डिलिव्हरीत पैसे बुडत नाहीत हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे. येस बँकेचा शेअर 2018 च्या ऑगस्टमध्ये चारशेच्या आसपास होता, मार्च 2020 मध्ये बँकेवर निर्बंध आले तेव्हा तो दहा रुपयांच्याही खाली गेला. ठेवून दिलेल्यांनी ठेवूनच गमावले. फरक एवढाच की डिलिव्हरीत तुमची हार-जीत कंपनीवर ठरते. ती चालली तर तिचा नफा, तिचा लाभांश यात तुमचा वाटा असतो, आणि वाट पाहण्याचं भाडं जवळजवळ शून्य असतं. इंट्राडेत वाट पाहायची सोयच नाही.

ती नसते म्हणजे काय, तर दुपारी सव्वातीन-तीन वीसच्या सुमारास ब्रोकर उघडे राहिलेले सौदे स्वतःच बंद करतो, ज्याला स्क्वेअर ऑफ म्हणतात. बरेच ब्रोकर त्यासाठी पन्नास रुपये आणि जीएसटी वेगळे घेतात. आमच्या मुलाच्या खात्यात अशा पंचवीस-तीस नोंदी होत्या, कारण लाईनवर काम चालू असताना फोन काढता येत नाही. त्याहून वाईट प्रसंग शॉर्ट मारलेल्या सौद्यात येतो. शेअर हातात नसताना आधी विकला, पडल्यावर परत घेऊ म्हणून, आणि शेअरला वरचं सर्किट लागलं, म्हणजे त्या दिवशी भाव जास्तीत जास्त जिथवर वाढू शकतो तिथे पोहोचला. आता विकणारा कुणी उरत नाही, परत घ्यायला शेअर मिळत नाही. तुम्ही विकलेला शेअर समोरच्याला द्यायचा असतो, म्हणून बाजार तो लिलावात मिळेल त्या भावाने विकत घेतो आणि बिल तुमच्या नावावर फाडतो. एका शॉर्टमध्ये महिन्याची कमाई जाऊ शकते.

आणखी एक नेहमीची पळवाट पाहिलीय. इंट्राडेत घेतलेला शेअर पडला की मंडळी तो डिलिव्हरीत बदलून घेतात. पूर्ण रक्कम भरली की `MIS` चं `CNC` करता येतं. मग सांगतात, "मी आता लाँग टर्म गुंतवणूकदार आहे." ही गुंतवणूक नव्हे, हा न स्वीकारलेला तोटा आहे. कंपनी काय करते हे ज्याला सकाळी ठाऊक नव्हतं, त्याला दुपारी तीन वाजता ती आवडायला लागते. मुलाच्या डिमॅटमध्ये असे चार शेअर पडून होते.

मुलाला त्याचा खरा आकडा शोधायला पत्रकाचीही गरज नव्हती. बँकेच्या पासबुकातून ब्रोकरकडे किती गेले, परत किती आले आणि आज तिथे किती शिल्लक आहे, एवढं पुरतं. त्याने वर्षभरात थोडे थोडे करून 65,000 पाठवले होते, एकदा बहिणीच्या वाढदिवसाला 3,000 काढले होते, आणि पडून असलेले शेअर खरेदीच्या भावाने धरून खात्यात 19,400 उरले होते. वजाबाकी बरोबर 42,600. 'फक्त वीस हजारांनी खेळतोय' असं तो घरी सांगत होता आणि ते खरं होतं, खात्यात कधी वीसच्या वर रक्कम नसायची. पगार झाला की खड्डा भरला जात होता.

मग रिटर्नचा भाग. डिलिव्हरीतला नफा भांडवली नफा धरला जातो. वर्षाच्या आत विकला तर 20 टक्के कर, वर्षानंतर विकला तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. इंट्राडेचं तसं नाही. आयकर खातं त्याला सट्ट्याचा व्यवसाय मानतं. नफा झाला तर तो उत्पन्नात मिळवून तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. खर्च मात्र वजा मिळतात, एसटीटीसकट. तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही, डिलिव्हरीतल्या नफ्यातूनही नाही. फॉर्म वेगळा लागतो, पगारदाराचा साधा चालत नाही, आणि तोटा पुढे न्यायचा तर मुदतीत रिटर्न भरावं लागतं.

मी त्याचं रिटर्न भरलं, 42,600 चा तोटा नोंदवला आणि त्याला सांगितलं, हा तोटा चार वर्षं पुढे नेता येईल. पण तो फक्त सट्ट्याच्या नफ्यातून वजा होईल.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे काका, हा तोटा वापरायचा असेल तर मला परत इंट्राडेच करावं लागेल?"

मी म्हटलं, हो. आणि त्यात नफाही व्हावा लागेल.